रात्रभर डोळा लागला नाही, आज प्रेझेंटेशन आणि संध्याकाळी वर्ध्याला साक्षगंध. दिवस कसा काढू?

मनीषनगर_खिडकी · सकाळी ५:४८

काल रात्री साडेअकराला आमच्या भागातली लाइट गेली ती अडीचला आली. कूलर बंद, स्लॅबची खोली भट्टीसारखी तापलेली, त्यात आजच्या प्रेझेंटेशनचे आकडे डोक्यात फिरत होते. लाइट आल्यावरही झोप नाहीच. चारच्या पुढे थोडी गुंगी आली असेल, तीही खरी की भास, सांगता येत नाही.

आजचा दिवस असा आहे. अकरा वाजता मिहानच्या ऑफिसात गोदामांच्या मॅनेजर लोकांपुढे वीस मिनिटं बोलायचं आहे. त्यानंतर परचेस रजिस्टर जीएसटीच्या टू-बीशी जुळवायचं आहे, हजारभर ओळी तरी असतील. साडेपाचला सासूबाईंना घेऊन वर्ध्याला, नणंदेच्या मुलीचं साक्षगंध आहे. मिस्टर पुण्याला आहेत, म्हणून गाडी मीच चालवणार आणि रात्रीच परत येणार.

आत्ता छातीत धडधडतंय, डोळे चुरचुरताहेत, कारण नसताना रडू येतंय. मनात तीनच गोष्टी येऊन राहिल्या आहेत: रजा टाकून झोपून घ्यावं, नाहीतर दोन कडक कॉफ्या मारून निघावं, नाहीतर वर्धा रद्द करावं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आज रात्रीही असंच झालं तर काय, ही भीती आत्तापासूनच बसली आहे. कोणी अनुभवी असेल तर सांगा.

---

तर्री_पोहे · सकाळी ६:०४

ताई, टेन्शन नका घेऊ. आठ वाजता एक ब्लॅक कॉफी, अकराच्या आधी एक, जेवणानंतर एक. मी मार्च एंडिंगला असंच काढतो. आणि आज रात्री आठलाच झोपून जा. बॉडीला आठ तास लागतातच, काल सात तास कमी पडले तर ते सात तास कुठंतरी भरून काढावेच लागतात. आज नाही भरले तर आठवडाभर डोकं चालत नाही.

---

अंबाझरी_पहाट · सकाळी ६:३३

मनीषनगर ताई, मी समुपदेशक आहे, झोप न येणाऱ्या लोकांसोबतच माझं रोजचं काम आहे. तुमचा दिवस रद्द करण्यासारखा नाही. फक्त एक गोष्ट बदलावी लागेल, ती शेवटी सांगते.

आधी आत्ताच्या अवस्थेबद्दल. पहाटे चार ते सहा ही शरीराची सगळ्यात खालची वेळ असते, शरीराचं तापमानही तेव्हाच सगळ्यात कमी असतं. चांगली झोप झालेल्या माणसालाही या वेळी मुद्दाम उठवलं तर त्याला जग बुडाल्यासारखं वाटतं. तुम्ही ती वेळ जागून काढलीत आणि त्याच वेळी पूर्ण दिवसाचा निकाल लावत आहात. उठल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास डोकं जड राहतंच. साडेसातच्या आधी कोणताही निर्णय घेऊ नका. रजेचा मेसेज तर मुळीच टाकू नका. धडधड ही बहुतेक भीतीची आहे. पण छातीत दुखत असेल, ते दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम सुटत असेल, तर हे वाचत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

तसं काही नसेल तर आत्ता उठून बाहेर या. सूर्य वर आला आहे, गच्चीवर किंवा सोसायटीच्या रस्त्यावर वीस मिनिटं चाला. मे महिना आहे, सव्वासात-साडेसातनंतर चटका सुरू होतो, म्हणून आत्ताच. सकाळच्या उजेडाने मेंदूतल्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याची खूण मिळते आणि आज रात्रीची झोप वेळेवर यायलाही तोच उजेड कामी येतो. नंतर गार पाण्याने अंघोळ आणि रोजचाच नाश्ता.

आता चहा-कॉफी. रोज किती कप घेता?

---

मनीषनगर_खिडकी · सकाळी ६:४१

सकाळी दोन चहा आणि ऑफिसात चारला एक. कॉफी कधीतरीच. छातीत दुखत नाहीये, नुसतं धडधडतंय. गच्चीवर चालली आहे.

---

अंबाझरी_पहाट · सकाळी ७:०२

मग सकाळचे दोन चहा रोजच्यासारखे घ्या. ते कमी करू नका, नाहीतर दुपारी चहा न मिळाल्याने डोकं दुखेल आणि तुम्ही त्याचा दोष झोपेला द्याल. वाढवू मात्र अजिबात नका.

कारण सांगते. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढत जातो. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, त्यामुळे दाब कळत नाही, पण साठणं चालूच राहतं. कॅफिनचा परिणाम ओसरला की ते सगळं एकदम अंगावर येतं. शिवाय घेतलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मं पाच तासांनीही रक्तात असतं. काहींच्या बाबतीत त्याहून जास्त वेळ, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आणखीच. म्हणजे जेवणानंतरची स्ट्राँग कॉफी तुमच्यासोबत वर्ध्याहून परत येईल. आज चारचा चहाही सोडलात किंवा दोनलाच घेतलात तर बरं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमचं काळीज आधीच धडधडतंय. सवय नसताना दोन कडक कॉफ्या घेतल्या तर ते आणखी धडधडेल, हात थरथरतील. मग अकरा वाजता सगळ्यांपुढे उभं राहून तुम्हाला वाटेल की न झोपल्यामुळे आपण कोसळतोय, आणि ती सगळी लक्षणं असतील कॉफीची. माझ्याकडे येणाऱ्या लोकांत हा घोळ नेहमीचा आहे.

---

नाना_महाल · सकाळी ७:१५

माझंही तेच आहे. वय ७१. रोज रात्री तीनला डोळा उघडतो, तो उघडतोच. मग पाचपर्यंत छत पाहत राहतो. गेल्या दिवाळीपासून हे चालू आहे. डॉक्टरनं गोळी दिली होती, ती घेतली की सकाळी पाय लटपटतात म्हणून सोडून दिली. रामरक्षा म्हणतो, पायाला तेल लावतो, फरक नाही. मॅडम, माझ्यासाठीही काही सांगा.

---

तर्री_पोहे · सकाळी ७:२२

@अंबाझरी_पहाट मॅडम, कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं झोपायचं, उठेपर्यंत कॉफी चढते. हे मी करतो आणि जबरदस्त फरक पडतो. तुम्ही सरसकट कॉफी वाईट म्हणून राहिल्या, ते पटलं नाही.

---

अंबाझरी_पहाट · सकाळी ७:५०

@तर्री_पोहे हे तुमचं बरोबर आहे, ती युक्ती खरंच चालते. कॅफिन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात डुलकी होते. पण ज्याला अजून लांबचा पल्ला गाडी चालवायची आहे आणि थांबायला पर्याय नाही, त्याच्यासाठी ती आहे. ताईंची खरी भीती आज रात्रीची आहे, म्हणून त्यांच्यासाठी हिशेब वेगळा.

आठ तास भरून काढायचा मुद्दा मात्र तसा नाही. अमेरिकेत १९६४ साली रँडी गार्डनर नावाचा १७ वर्षांचा मुलगा ११ दिवस जागा राहिला होता. त्याने नंतर ऐंशी-नव्वद तास झोप काढली नाही. पहिल्यांदा झोपला तो साधारण चौदा तास, आणि थोड्याच दिवसांत त्याचं रोजचं वेळापत्रक परत आलं. शरीर गेलेले तास मोजून परत मागत नाही. पुढच्या रात्री ते गाढ झोपेचा भाग वाढवतं, तोही रात्रीच्या पहिल्या काही तासांत. त्यासाठी लवकर आडवं व्हावं लागत नाही.

उलट आठला अंथरुणात गेलं तर घोटाळा होतो. नेहमीच्या झोपेच्या दोन-तीन तास आधी मेंदूतलं घड्याळ जागेपणाचा जोर लावतं. म्हणून दिवसभर पेंगलेला माणूस रात्री आठ-नऊला एकदम तरतरीत होतो. त्या वेळी दिवा मालवून पडलात तर कूस बदलत राहाल आणि “दुसरी रात्रही गेली” असं वाटेल. एका वाईट रात्रीच्या तीन होतात त्या अशा.

@नाना_महाल नाना, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण सोडत नाही. रात्री किती वाजता आडवे होता आणि दुपारी झोपता का, तेवढं सांगा.

---

मनीषनगर_खिडकी · सकाळी ८:०५

चालून, अंघोळ करून आले. धडधड कमी झाली आहे. रजा टाकत नाही. पण एक खरं सांगते, दर दहा मिनिटांनी आरशात डोळे पाहते आहे, आणि “किती तास झोप झाली” याचा हिशेब मनात थांबत नाही. सासूबाईंना सांगितलं, आईला फोन करून सांगितलं. आता टीममध्येही सांगून ठेवू का, म्हणजे बोलताना चुकलं तर समजून घेतील?

---

अंबाझरी_पहाट · सकाळी ८:२४

टीमला सांगू नका. सांगितलंत की दिवसभर प्रत्येक जण विचारेल, “कसं वाटतंय? झोप येतेय का?” आणि प्रत्येक वेळी तुम्ही आत डोकावून थकवा शोधाल. शोधला की तो सापडतो, झोप चांगली झाली असली तरी सापडतो. मी हे काम शिकले ते याच गोष्टीवर भर देऊन: झोपेची काळजी करणारा माणूस दिवसभर आपल्या शरीरावर पहारा ठेवतो, आणि त्या पहाऱ्यानेच तो जास्त दमतो. आरसा आज एकदाच, केस विंचरताना. हिशेब मनात आला तर येऊ द्या, पण त्याला उत्तर देऊ नका. तसंही तो हिशेब चुकीचाच असतो. उथळ झोप आपल्याला जागेपणासारखी वाटते, त्यामुळे अशा रात्री प्रत्यक्ष झोप आपण समजतो त्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त झालेली असते.

अकराच्या प्रेझेंटेशनची चिंता करू नका. एका रात्रीच्या जागरणाने सगळ्यात जास्त मार बसतो तो लांब, एकसुरी, कंटाळवाण्या कामाला. माणसांसमोर उभं राहून वीस मिनिटं बोलणं त्यात येत नाही, तिथे अंगातला ताणच जागं ठेवतो. फक्त आकडे पाठ ठेवू नका. पाच-सहा महत्त्वाचे आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून हातात ठेवा.

खरा धोका टू-बी जुळवण्यात आहे. जेवण झाल्यावर एक ते तीन ही दिवसातली दुसरी खालची वेळ, आणि नेमकं तेव्हा हजार ओळी वाचायला बसाल तर ओळी डोळ्यांसमोरून जातील, डोक्यात शिरणार नाहीत. प्रेझेंटेशन झाल्यावर साडेअकरा ते एक बसा. एक ते तीन फोन, पाठपुरावा, उठून करायची कामं. तीनला परत बसा. पंचवीस मिनिटं झाली की उठायचं. आणि आज जुळवलेलं आज पुढे पाठवू नका, उद्या सकाळी न जुळलेल्या ओळी परत पाहून मग पाठवा. जीएसटीच्या थ्री-बी रिटर्नची तारीख २० आहे ना? मग एक दिवस हाताशी आहे.

---

मेयो_रात्रपाळी · सकाळी ९:१०

मी स्टाफ नर्स आहे, आयुष्य रात्रपाळीत गेलं. वरचं बहुतेक पटलं, पण वर्ध्याबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ताई, गाडी तुम्ही चालवू नका. साक्षगंधाला जा, नटून जा, पण स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या.

रात्रपाळी संपवून ॲक्टिव्हावर घरी जाताना सिग्नलला थिजलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या पेंगत नव्हत्या, डोळे उघडे वाटत होते, पण तीन-चार सेकंद मेंदू बंद होता. ऐंशीच्या वेगात चार सेकंदांत गाडी नव्वद मीटर जाते. वर्धा रोड सरळ आहे, बुटीबोरीच्या पुढे अंधार, समोरून ट्रकचे दिवे. पेंग यायला याहून सोयीची जागा नाही. एसी वाढवणं, गाणी लावणं, काच खाली करणं, चिंच चघळणं, याने पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, पेंग जात नाही. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे आले ते आठवत नसेल, मान एकदा तरी लटकली असेल, गाडी पांढऱ्या पट्टीवर गेली असेल, तर तिथल्या तिथे ढाब्यावर थांबून वीस मिनिटं झोपायचं. पण ती वेळच येऊ देऊ नका.

---

अंबाझरी_पहाट · सकाळी ९:२६

हीच ती बदलायची गोष्ट, नर्स ताईंनी माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा चांगली सांगितली. एवढंच जोडते. ऑस्ट्रेलियात १९९७ साली झालेल्या प्रयोगात दिसलं की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका घसरतो. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. रात्री साडेदहाला परत निघाल तेव्हा तुम्ही जवळपास दोन दिवसांच्या जाग्या असाल. दुसरं काहीही रेटता येतं, हे रेटू नका.

नागपूरहून वर्ध्याला रेल्वे भरपूर आहेत. दीर, भाचा, ओळखीचा ड्रायव्हर, कोणीही चालेल. आणि हे आत्ता सकाळीच ठरवा. संध्याकाळी तरतरी येते आणि “जमेल मला” असं वाटू लागतं.

---

मनीषनगर_खिडकी · सकाळी ९:४०

दिराला फोन केला. तो हिंगण्याहून पाचला घरी येतो म्हणाला. सासूबाई आधी म्हणाल्या, “एवढ्यासाठी त्याला काऊन त्रास देतेस?” पण कारण सांगितल्यावर गप्प बसल्या. निघाले ऑफिसला. मनीषनगर ते मिहान दहा-बारा मिनिटं आहेत, पण आज ऑटोने जाते.

---

नाना_महाल · सकाळी १०:०५

मॅडम, मी रात्री साडेआठला झोपतो. सीरियल पाहायची सवय नाही. दुपारी जेवण झाल्यावर दीड-दोन तास पडतो, उन्हाळ्यात दुसरं करणार काय.

---

अंबाझरी_पहाट · सकाळी १०:३०

नाना, साडेआठ ते तीन म्हणजे साडेसहा तास. दुपारचे दोन धरले तर साडेआठ. तुमच्या वयाला एवढी झोप पुरून उरते. तीनला डोळा उघडतो कारण झोप पूर्ण झालेली असते. दुपारची डुलकी अर्ध्या तासावर आणा, रात्री साडेदहाच्या आधी अंथरुणात जाऊ नका, पंधरा दिवस पाहा. घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील किंवा लघवीसाठी रात्री चार-पाच वेळा उठावं लागत असेल, तर मात्र डॉक्टरांना नेमकं तेच सांगा. गोळीने पाय लटपटले होते हेही सांगा.

---

नाना_महाल · सकाळी १०:४८

साडेदहापर्यंत जागं राहणं मला जमायचं नाही. घरात सगळे आपापल्या मोबाइलमध्ये असतात, मी एकटा बसून काय करू? आणि तीनला उठून पडलेल्या माणसाला झोप पूर्ण झाली म्हणणं मनाला पटत नाही. पण दुपारची कमी करून पाहतो.

---

सदर_किराणा · दुपारी १२:१५

सगळं वाचलं. माझ्या लहान भावाला मिरगी आहे. त्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलं आहे की एक रात्र जरी झोप गेली तरी दुसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, म्हणून आम्ही त्याला अशा दिवशी एकटं सोडत नाही, गोळीची वेळ चुकवत नाही आणि लगेच फोन करतो. “दिवस रोजच्यासारखा काढा” हे त्याला लागू नाही. कोणी वाचून चुकीचं करू नये म्हणून लिहिलं.

---

अंबाझरी_पहाट · दुपारी १२:४०

फार महत्त्वाचं लिहिलंत, धन्यवाद. बायपोलरचं निदान असलेल्यांनाही तेच लागू. झोप न होऊनही उत्साह ओसंडून वाहतोय, बोलणं थांबत नाही, पैसे सुटताहेत असं दिसलं तर ती चांगली खूण नाही, त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांशी बोलायचं.

---

मनीषनगर_खिडकी · दुपारी २:०८

प्रेझेंटेशन झालं. मध्येच एक आकडा डोक्यातून गेला, कागदावर पाहून सांगितला, कोणाच्या लक्षातही आलं नसावं. कामठीच्या गोदामावरून प्रश्न आले, त्यांची उत्तरं नेहमीसारखीच देता आली. साडेअकरा ते एक टू-बीच्या साडेतीनशे ओळी झाल्या.

पण आत्ता हालत खराब आहे. डोकं ठणकतंय, मान जड आहे, मशिनची कॉफी समोर दिसते आहे. कँटीनमध्ये गुलाबजाम होते, दोन खाल्ले, तरी अजून गोड खावंसं वाटतंय. संध्याकाळपर्यंत टिकेन असं वाटत नाही.

---

मेयो_रात्रपाळी · दुपारी २:१५

सकाळपासून पाणी किती प्यायलात? लघवीला शेवटचं कधी गेलात, रंग कसा होता?

---

मनीषनगर_खिडकी · दुपारी २:१९

अर्धी बाटली असेल. गेले होते दहाच्या सुमारास. गडद पिवळी.

---

मेयो_रात्रपाळी · दुपारी २:२६

मग हे डोकं निम्मं तरी पाण्याचं आहे. रात्री कूलर बंद असताना घाम गेला, सकाळी चाललात, बाहेर रणरणतं ऊन आणि आत एसी, त्यामुळे तहान कळतच नाही. आत्ता हळूहळू दोन ग्लास पाणी, मग मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं मिळालं तर उत्तम. अर्ध्या तासात डोकं हलकं होतं का पाहा. गोड खावंसं वाटणं जागरणाचंच आहे, भूक वाढवणारं संप्रेरक अशा दिवशी जास्त सुटतं. गुलाबजामावर तिसरा नको, शेंगदाणे-फुटाणे खा.

आणि वीस मिनिटं डोळे मिटा. मीटिंग रूम रिकामी असेल तर खुर्चीत मान टेकवून, मोबाइलवर गजर लावून. झोप आली नाही तरी चालेल.

---

अंबाझरी_पहाट · दुपारी २:४०

डुलकीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ज्यांना महिनोन् महिने झोपेचा त्रास आहे त्यांना मी दुपारची डुलकी पूर्ण बंद करायला लावते, कारण रात्रीसाठी साठलेला दाब ती खाऊन टाकते. ताईंची एकच रात्र गेली आहे, म्हणून त्यांना वीस मिनिटं चालतील, पण तीनच्या आत आणि बसूनच. आडवं झालं आणि पाऊण तास गेला तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा तासभर जास्तच जड जातो.

---

मेयो_रात्रपाळी · दुपारी २:४८

तुमचे पेशंट रात्री झोपणारे आहेत मॅडम. आमच्यासारख्या पाळीवाल्यांना डुलकी बंद करा म्हणणं धोक्याचं आहे. ड्युटी संपल्यावर हॉस्पिटलमध्येच अर्धा तास झोपून मग गाडी काढणं हा मी नव्या मुलींना घालून दिलेला नियम आहे. रात्रीच्या झोपेचं काय व्हायचं ते होवो, आधी घरी पोचलं पाहिजे.

---

अंबाझरी_पहाट · दुपारी २:५५

पाळीवाल्यांसाठी मान्य. माझा नियम त्यांना लावू नये.

---

मनीषनगर_खिडकी · दुपारी ४:५०

पाणी आणि ताक घेतल्यावर डोकं बरंच उतरलं. पंधरा मिनिटं खुर्चीत डोळे मिटले, झोप लागली की नाही माहीत नाही. कॉफी घेतली नाही, चारचा चहाही नाही. टू-बीच्या आणखी अडीचशे ओळी झाल्या, बाकी उद्या. दोन ठिकाणी बिल नंबर चुकीचा जुळवला होता तो पंचवीस मिनिटांनी उठून आल्यावर परत पाहताना सापडला, म्हणून आज काहीच पुढे पाठवलं नाही.

एक नवल वाटलं. आत्ता सकाळपेक्षा कितीतरी बरं वाटतंय. घरी निघाले, दीर आला आहे.

---

तर्री_पोहे · संध्याकाळी ५:१०

बघा, म्हणजे आता गाडी चालवायलाही हरकत नव्हती तुम्हाला.

---

मेयो_रात्रपाळी · संध्याकाळी ५:१४

भाऊ, हरकत आहे. आत्ताचं बरं वाटणं दोन-तीन तासांचं आहे, परतीचा प्रवास रात्रीचा आहे.

---

मनीषनगर_खिडकी · दुसऱ्या दिवशी सकाळी ७:२०

काय झालं ते लिहून ठेवते, कोणाच्या कामी येईल. साक्षगंध छान झालं. दहाला निघालो, दीर गाडी चालवत होता, मी मागे बसले. सेलू गेल्याचं आठवतं, नंतर खाप्रीला सासूबाईंनी हलवलं तेव्हा जाग आली. म्हणजे अर्ध्या तासाच्या वर गाढ झोपले होते. मी स्टिअरिंगवर असते तर काय, हा विचार रात्री बराच वेळ गेला नाही.

घरी येऊन साडेअकराला पडले, तर झोप येईना! एक वाजला असेल. आधी परत धडधड सुरू झाली. मग उठून हॉलमध्ये बसले, साड्यांच्या घड्या घातल्या, डोळे जड झाल्यावर आत गेले. सकाळी रोजच्याप्रमाणे साडेसहाला उठले, गजर पुढे ढकलला नाही. साडेपाच तास झाले असतील. तरतरीत नाहीये, पण कालच्यासारखं रडू येत नाहीये. मॅडम, गाडीतल्या झोपेने रात्र बिघडली का? आणि आज रविवार असता तर दहापर्यंत झोपले असते तर चाललं असतं का?

---

अंबाझरी_पहाट · सकाळी ८:१२

गाडीतल्या झोपेने थोडी पुढे ढकलली, हो. पण ती टाळण्यासारखी नव्हती आणि टाळायलाही नको होती. उठून हॉलमध्ये गेलात ते अगदी योग्य केलंत. रविवार असता तरी साडेसहाचे फार तर साडेसात. दहाला उठलात तर त्या रात्री बाराच्या आधी झोप येणार नाही आणि सोमवारी परत हाच धागा काढावा लागेल. आज तोच चहा, तीच वेळ, दुपारी डुलकी नको, रात्री साडेदहा-अकरा. गाडी आजही लांब नेऊ नका, गावात चालेल.

आठवड्यात तीन-तीन रात्री असं होऊ लागलं आणि ते महिनोन् महिने चाललं, तर वेगळी पद्धत लागते, तेव्हा कोणाला तरी भेटा. एका रात्रीसाठी गरज नाही.

---

नाना_महाल · सकाळी ८:४०

मी काल दुपारी अर्धा तासच झोपलो. रात्री नऊ वाजले तरी डोळे मिटायला लागले म्हणून पडलो. साडेतीनला उठलो. अर्धा तास पुढे गेला. साडेदहापर्यंत जागायला काय करावं हे कोणी सांगत असेल तर सांगा, टीव्ही मला जमत नाही.

---

सदर_किराणा · सकाळी ९:०५

नाना, महालातच राहता ना? रात्री जेवल्यावर गांधीसागरापर्यंत एक चक्कर मारून या. उन्हाळ्यात नऊनंतरच हवा जरा बरी असते. आमचे बाबा जातात, सोबतीला त्यांच्या वयाचे दोघं-तिघं असतात.